तेराव्याची वही

आमच्याकडे 1972च्या दुष्काळातली एक वही आहे. पणजोबांच्या तेराव्याचा खर्च आजोबांनी तीत लिहिलाय: भटजींची दक्षिणा आणि शिधा 21 रुपये, विधीचं सामान 14, लेकींचं एसटीभाडं 25, जेवण 180. एकूण 240. सरणाच्या लाकडाची नोंदच नाही, कारण बाभूळ भावकीने तोडून दिली. घरची चूल बंद असतानाचा कडू घास, म्हणजे पिठलं-भाकरी, शेजाऱ्यांनी आणला. तोही वहीत नाही. गणित चुकलं ते जेवणात. तेराव्याचं आमंत्रण नसतं, नुसता निरोप जातो. सव्वाशेचा अंदाज दोनशेवर गेला. (आजी मात्र शेवटपर्यंत भटजींनाच महाग म्हणायची!) सोयऱ्यांच्या दुखवट्यात टोपी-लुगड्यासोबत रोख 60 आले. उरलेल्या 180साठी शेळ्या विकल्या. दुष्काळात भाव कुठला, तीन गेल्या.