एकपानी रोजमेळ

बिलबुक, संगणक किंवा हिशेबनीस नसलेल्या छोट्या धंद्यासाठी एका दिवसाला वहीचे एक पान, अशी नोंदीची पद्धत. कीर्द-खतावणीतली खतावणी यात नसते. कीर्दही रोख, यूपीआय आणि उधारी एवढ्यापुरतीच ठेवलेली असते. पानाच्या डावीकडे जमा, उजवीकडे नावे आणि तळाशी रात्री मोजलेला गल्ला.

अशा धंद्यात प्रत्येक विक्री लिहिली जात नाही, म्हणून रोख विक्री उलटीकडून काढावी लागते. रात्रीच्या गल्ल्यात दिवसभर गल्ल्यातून गेलेले पैसे मिळवायचे, मग सकाळची शिल्लक आणि वसूल झालेली जुनी उधारी वजा करायची.

समजा, एका पोळी-भाजी केंद्रात सकाळी गल्ल्यात 1,500 रुपये होते. दिवसभरात भाजीला 900, मदतनीस बाईंना 400 आणि घरखर्चाला 700 असे 2,000 गेले. जुन्या उधारीचे 300 रोख आले. रात्री गल्ला 4,050 भरला. म्हणजे रोख विक्री 4,250. फोनवर दिसणारी यूपीआयची जमा 2,300 आणि त्या दिवशी दिलेली उधारी 350 धरून एकूण विक्री 6,900 होते. यूपीआयवर कोणी जुनी बाकी चुकवली असेल, तर तेवढी रक्कम वगळायची. नाहीतर तीच विक्री दोनदा धरली जाते.

पण एवढ्यावर थांबले तर हिशेब रोजच जुळतो, कारण तो जुळेल असाच मांडलेला असतो. गल्ल्यातून कोणी शंभराची नोट काढली, तरी पानावर फक्त विक्री शंभराने कमी दिसेल. त्यामुळे पैशाशी संबंध नसलेला एक आकडा पानावर हवाच. या केंद्रात तो रिकाम्या डब्यांचा: सकाळी 160, रात्री 60, म्हणजे 100 डबे गेले. डब्याला 70 रुपये धरून विक्री 7,000 यायला हवी होती, तूट 100. चहावाल्याला दुधाचे लिटर चालतील, इस्त्रीवाल्याला कपड्यांचे नग.

एखाद्या दिवशीची शंभराची तूट फारशी बोलत नाही. मदतनीस बाईंनी तिथेच खाल्लेला डबा, सुट्ट्यांअभावी सोडलेले रुपये यांतच ती बहुधा सापडते. मात्र तूट सतत एकाच बाजूला पडत असेल, किंवा मालक गल्ल्यावर नसतो त्याच वारी वाढत असेल, तर माणूस बदलून पाहावा. सर्वांत जास्त राहून जाणारी नोंद मालकाच्या स्वतःच्या उचलीची असते, आणि संशय मात्र नोकरावर जातो.

या पानावरून नफा कळत नाही. आज घेतलेला तेलाचा डबा पंधरा दिवस पुरतो, भाडे महिन्यातून एकदाच जाते. त्यासाठी महिनाअखेरीस शिल्लक माल मोजून, घेणे-देणे लिहून वेगळे पान करावे लागते.