कॉलरला फोड येतात, त्याची कुळकथा

कर्जतच्या पेठेत शर्ट शिवायला टाकला की मास्तर एक प्रश्न हमखास विचारतात, "कॉलर कडक पाहिजे का नरम?" कडक म्हटलं की खणातून पांढऱ्या बकरमाची गुंडाळी निघते. तिची एक बाजू साध्या कापडासारखी असते. दुसरी बाजू उजेडात तिरकी धरली तर बारीक ठिपके चमकतात, बोटाला साखरेसारखे कणकण लागतात. ते ठिपके म्हणजे प्लास्टिकचा डिंक. इस्त्री टेकली की तो वितळतो आणि कॉलरच्या कापडाला चिकटतो. मास्तर याला पेस्टिंग म्हणतात. आणि दोन-चार धुण्यांनंतर हीच कॉलर फोड आल्यासारखी दिसू लागली की गिऱ्हाईक परत दारात.

चिकटवलेल्या कॉलरचं वय फार नाही. त्याआधी कॉलर कडक राहायची ती खळीमुळे. आत कॅनव्हास किंवा जाड सुती कापडाचा थर नुसता शिवलेला असे, आणि दर धुण्याला कांजी घालून ती ताठ करत. विलायतेत आणि अमेरिकेत तर कॉलर सुटीच मिळे. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या हॅना माँटेग्यू या बाईंनी 1827 मध्ये नवऱ्याच्या शर्टाची कॉलर कापून वेगळी केली, म्हणजे रोज अख्खा शर्ट धुवायला नको, अशी गोष्ट सांगतात. ट्रॉयमध्ये पुढे सुट्या कॉलरींचे कारखानेच उभे राहिले. पहिल्या महायुद्धानंतर लोकांना ती खळीची ताठ पट्टी नकोशी झाली. शर्टालाच जोडलेली, नरम तरी नीट बसणारी कॉलर हवी झाली.

इथे दोन अडचणी आल्या. जोडलेली कॉलर धुतल्यावर आटली तर अख्खा शर्ट गळ्यात होईना. त्यावर ट्रॉयच्याच क्लुएट पीबडी या कॉलरवाल्या कंपनीतल्या सॅनफर्ड क्लुएट यांनी कापड शिवण्याआधीच यंत्रावर आटवून घ्यायची युक्ती काढली. आपल्या गिरण्यांच्या कापडावर 'सॅनफोराइज्ड' असा शिक्का असायचा, तो त्यांच्याच नावावरून.

दुसरी अडचण ताठपणाची. ती 1930 च्या दशकात न्यूयॉर्कच्या बेंजामिन लीबोविट्झ यांनी सोडवली. कॉलरच्या आतल्या थरात त्यांनी सुतासोबत सेल्युलोज ॲसिटेटचे धागे विणले. वर द्रावक आणि उष्ण दाब दिला की ते धागे विरघळून तिन्ही थर एकजीव होत. दुसऱ्या महायुद्धानंतर द्रावक मागे पडला आणि पॉलिथिनचे ठिपके आले. त्यातही सुरुवातीचं नरम पॉलिथिन 110 अंशांच्या आसपासच वितळे. कार्ल त्सीग्लर यांनी 1953 मध्ये कडक, दाट पॉलिथिन करून दाखवलं. ते 130 अंशांपर्यंत टिकतं, म्हणून धुण्याच्या शर्टाला तेच योग्य. जर्मनीच्या फ्रॉइडेनबर्ग कंपनीने न विणलेलं, कागदासारखं अस्तरही बाजारात आणलं. ते स्वस्त पडतं, ब्लाऊजच्या गळ्याला चालतं. पण शर्टाच्या कॉलरीला रोज ब्रश लागतो, तिथे विणलेलं सुती बकरमच टिकतं.

खळीच्या काळात कॉलरला फोड येत नसत, कारण धुताना खळ निघून जाई आणि आतला-बाहेरचा थर आपापल्या मापाने आटायला मोकळा असे. डिंकाने ती मोकळीक काढून घेतली. आता दोन कापडांचा जन्माचा संसार. एक आटलं तर दुसऱ्यालाही तेवढंच आटावं लागतं.

हिशेबच मांडू. चाळीस सेंटिमीटरची कॉलर घ्या. शर्टाचं कापड शेकडा एकने आटलं आणि बकरम शेकडा तीनने, तर फरक शेकडा दोनचा, म्हणजे आठ मिलिमीटर. वरचं कापड तेवढं जास्तीचं उरलं. ते जाणार कुठे? जिथे डिंकाची पकड कच्ची, तिथे उचलून फुगतं. उलट वरचं कापड जास्त आटलं तर फोड न येता कॉलरची टोकं वर वळतात. तेव्हा दोष कोणाचा हे कॉलरकडे पाहूनच कळतं: टोकं वळली तर कापड कोरं होतं, फोड आले तर बकरम कोरं होतं किंवा पकड कच्ची होती. जुने मास्तर "कापड पाण्यातून काढून आणा" म्हणत, ते याच कारणाने. आज ते कोणी सांगत नाही. आणि बकरम भिजवून घेणं तर तेव्हाही फार थोड्यांना सुचे. त्याला गरम पाणी आणि पिळणं चालत नाही. कोमट पाण्यात बुडवून सावलीत सपाट सुकवायचं.

पकड कच्ची का राहते, याचं उत्तर इस्त्रीत आहे. कारखान्यात कॉलरला साधारण 160 अंश, 15 ते 18 सेकंद आणि दर चौरस सेंटिमीटरला दोन ते तीन किलो दाब देतात. पेठेतल्या मास्तरांकडे उष्णता भरपूर असते, दाब नसतो. सात किलोच्या जड इस्त्रीचा तळ सुमारे दोनशे चौरस सेंटिमीटरचा. म्हणजे दाब पडला 35 ग्रॅम. अंग टाकून दाबली, तीस किलो भार दिला, तरी दीडशे ग्रॅम. मग उणा दाब भरून काढायला इस्त्री आणखी तापवतात आणि साडीवर फिरवावी तशी सरकवतात. सरकवल्याने कुठलीच जागा पुरती तापत नाही. इस्त्री 190 अंशांवर असली तरी कापडाखालचा डिंक शंभराच्या आसपासच घुटमळतो. उलट एका जागी फार वेळ ठेवली तर डिंक पातळ होऊन कापडातून वर येतो, चकाकीचे डाग पडतात, आणि दोन थरांच्या मधे डिंकच उरत नाही. कच्च्या पकडीची कॉलर मात्र पहिल्या दिवशी फार सुरेख दिसते.

हाताच्या इस्त्रीनेही काम होतं, पण रीत पाळली तर. कडक पाट्यावर, जाड गादीवर नाही, कापड उलटं पसरायचं, त्यावर ठिपक्यांची बाजू खाली करून बकरम, वर सुती फडका. इस्त्री उचलून टेकवायची, अंग टाकून मनात वीसपर्यंत मोजायचं, उचलून निम्मी पुढे. मग कॉलर गार होईपर्यंत हात लावायचा नाही. गरम असतानाच उलटवली तर ओला डिंक सुटतो आणि त्या जागी पुढे फोड ठरलेला.

गार झाल्यावर कोपरा नखाने उचलून पाहावा. सहज पापुद्रा सुटला आणि ठिपके नुसते बकरमावरच राहिले, तर उष्णता कमी पडली. सोलताना धागे ताणले, ठिपके दोन्ही बाजूंना वाटले गेले, तर काम झालं. सुरकुती न पडणारं, मऊ हाताचं कापड असेल तर ही चाचणी करावीच. त्यावरच्या सिलिकॉनवर डिंक धरतच नाही. असल्या कापडाला मास्तरांनी कॉलर नरमच सांगावी, गिऱ्हाईक रुसलं तरी.

फोड आलेल्या कॉलरवर कडक इस्त्री दाबली की ती दिवसभर बसते, पुढच्या धुण्याला पुन्हा उठते, कारण आटलेलं बकरम काही लांब होत नाही. पूर्वी विरलेली कॉलर उसवून उलटवून देत, वर्षभर निघे. चिकटवलेल्या कॉलरीत बकरम वरच्याच पाखाला असतं, उलटवली की बिनबकरमाचं पाख वर येतं आणि लोळतं. उपाय एकच: शर्ट शिवताना उरलेला तुकडा मास्तरांकडून मागून घरी ठेवायचा. नवी कॉलर त्यातून निघते. फक्त तो तुकडाही शर्टाबरोबर धूत राहायचा, नाहीतर रंग जुळत नाही.