फिरत्या शाफ्टचे शिणवटा-आयुष्य

फिरत्या शाफ्टचे शिणवटा-आयुष्य म्हणजे पुन्हापुन्हा बदलणाऱ्या प्रतिबलाखाली शाफ्टला तडा जाऊन तो तुटेपर्यंत त्याने पूर्ण केलेल्या आवर्तनांची संख्या होय. शिणवट्याने तुटणारा शाफ्ट बहुधा त्याच्या स्थिर ताकदीच्या बराच खाली काम करत असतो. त्यामुळे तुटण्यापूर्वी तो वाकत नाही किंवा दिसण्यासारखी कोणतीही पूर्वसूचना देत नाही. हे आयुष्य अंदाजण्याची रूढ पद्धत तीन गोष्टींवर उभी आहे: प्रतिबल व आवर्तने यांचा संबंध दाखवणारा एस-एन वक्र, पोलादाची सहनसीमा आणि माध्य प्रतिबलासाठी केलेली दुरुस्ती.

स्थिर भारातून बदलते प्रतिबल

पट्ट्याचा ताण किंवा गिअरच्या दात्यावरील रेटा शाफ्टला एकाच दिशेने वाकवत असतो. भार बदलत नाही, दिशाही बदलत नाही. बदलते ती शाफ्टची स्थिती. पृष्ठभागावरचा एखादा बिंदू खाली असताना ताणला जातो, अर्ध्या फेऱ्यानंतर वर येतो आणि तितकाच दाबला जातो. म्हणजे प्रत्येक फेऱ्यात त्या बिंदूवर ताण आणि दाब यांचे एक पूर्ण आवर्तन होते. मिनिटाला १४४० फेरे घेणाऱ्या शाफ्टमध्ये साडेअकरा तासांच्या आसपास दहा लाख आवर्तने होतात. पुलावर किंवा इमारतीत अनेक वर्षांत जमणारी संख्या येथे एका पाळीच्या कामात जमते.

या घटनेकडे लक्ष वेधले गेले ते रेल्वेच्या आसांमुळे. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटून भीषण अपघात झाला. त्यात दक्षिण ध्रुवप्रदेशाचा शोधप्रवासी द्युमाँ द्युर्विल याचाही मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी स्कॉटिश अभियंता विल्यम रँकिन याने आसांच्या तुटण्यावर निबंध वाचला आणि आसाचा व्यास जेथे एकाएकी बदलतो तेथे गोलाई ठेवावी, असे सुचवले. पद्धतशीर प्रयोग मात्र प्रशियाच्या रेल्वेतील अभियंता आउगुस्ट व्होलर याने १८५० च्या दशकापासून १८७० पर्यंत केले. नमुना फिरवत ठेवून त्याला वाकवणारे यंत्र त्याने बनवले. आस किती आवर्तने टिकेल हे सर्वाधिक प्रतिबलापेक्षा प्रतिबल किती पल्ल्यात वरखाली होते यावर अधिक अवलंबून असते, हा त्याचा प्रमुख निष्कर्ष होता.

एस-एन वक्र आणि सहनसीमा

व्होलरच्या प्रयोगांतून निघणारा वक्र आडव्या अक्षावर आवर्तने आणि उभ्या अक्षावर प्रतिबलाचा आयाम घेऊन काढतात. दोन्ही अक्ष लॉगॅरिथमी घेतले, तर हजार ते दहा लाख आवर्तनांच्या पट्ट्यात तो जवळजवळ सरळ रेषेत उतरतो. १९१० मध्ये बास्क्विन याने हा संबंध घातांकी सूत्राने मांडला. कार्बन पोलादाच्या बाबतीत दहा लाख ते एक कोटी आवर्तनांच्या दरम्यान रेषा वळून आडवी होते. त्या पातळीखालील प्रतिबलाने नमुना तुटत नाही असे मानतात. हीच सहनसीमा होय. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना अशी स्पष्ट सीमा नसते. त्यांचा वक्र हळूहळू उतरतच राहतो.

प्रयोगशाळेत घासून चकचकीत केलेल्या बारीक नमुन्याची सहनसीमा साधारणतः ताणबलाच्या निम्मी भरते. कारखान्यातील शाफ्ट मात्र तितका नशीबवान नसतो. लेथच्या हत्याराचे ओरखडे पृष्ठभागावर राहतात. मोठ्या व्यासात अधिक धातू उच्च प्रतिबलाखाली येतो, त्यामुळे त्यात दोष सापडण्याची शक्यता वाढते. शिवाय सरासरी नमुन्याऐवजी शंभरांपैकी नव्व्याण्णव शाफ्ट टिकतील असा हिशेब करायचा असतो. यांतील प्रत्येक कारणासाठी सहनसीमेला एकापेक्षा लहान गुणकाने गुणतात.

सोडवलेले उदाहरण

एक शाफ्ट ९० किलोवॅट शक्ती मिनिटाला १४४० फेऱ्यांनी वाहतो, म्हणजे त्यावर सुमारे ६०० न्यूटन-मीटर टॉर्क आहे. त्याचा व्यास ४८ मिमीवरून ४० मिमीवर उतरतो. या पायरीच्या कोपऱ्याची गोलाई २ मिमी असून तेथे नमन परिबलही ६०० न्यूटन-मीटर आहे. पोलाद मध्यम कार्बनचे आहे. ताणबल ६४० मेगापास्कल आणि ज्या प्रतिबलानंतर ते कायमचे वाकते ते ३८० मेगापास्कल आहे, असे धरू.

वाकण्याचे प्रतिबल ९५.५ आणि पिळाचे ४७.७ मेगापास्कल येते. दोन्ही एकत्र केल्यास समतुल्य प्रतिबल सुमारे १२६ मेगापास्कल भरते. स्थिर गणित एवढ्यावर थांबते आणि शाफ्ट तिप्पट सुरक्षित ठरवते.

आता सहनसीमा पाहू. लेथवर कातलेल्या पृष्ठभागासाठी ०.८१४, ४० मिमी व्यासासाठी ०.८३६ आणि नव्व्याण्णव टक्के विश्वासार्हतेसाठी ०.८१४ हे गुणक लागतात.

```
Se = 0.5 × 640 × 0.814 × 0.836 × 0.814 ≈ 177 MPa
```

कोपऱ्याशी प्रतिबल एकवटते. या मापांच्या पायरीसाठी वाकण्याचा सैद्धांतिक गुणक १.८७ आहे. पण पोलाद खाचेला पूर्णपणे संवेदनशील नसल्याने शिणवट्यापुरता तो १.७ घेता येतो. म्हणून आयाम ९५.५ × १.७, म्हणजे सुमारे १६२ मेगापास्कल होतो. हा १७७ पेक्षा कमी आहे. येथेच थांबल्यास शाफ्टचे आयुष्य अमर्याद आहे असे म्हणावे लागेल.

परंतु टॉर्कचा हिशेब अजून झालेला नाही. वाकण्याचे प्रतिबल शून्याभोवती समान झुलते, म्हणून त्याचे माध्य शून्य असते. पिळाचे प्रतिबल मात्र शाफ्टबरोबर फिरते आणि सतत सारखेच राहते. फिरत्या शाफ्टमधील माध्य प्रतिबलाचा हाच नेहमीचा उगम आहे. खाचेसाठी १.४ गुणक घेऊन त्याचे समतुल्य ताण-प्रतिबल काढले, तर ते असे येते:

```
σm = 1.732 × 1.4 × 47.7 ≈ 116 MPa
```

गुडमनच्या रेषेनुसार माध्य प्रतिबल ताणबलाच्या दिशेने जितके सरकते, तितका आयामाला वाव कमी होतो. त्यावरून माध्य शून्य असताना तेवढेच नुकसान करणारा आयाम मिळतो.

```
σar = σa / (1 − σm/Sut) = 162 / (1 − 116/640) ≈ 198 MPa
```

१९८ हा १७७ पेक्षा जास्त आहे, त्यामुळे आयुष्य मर्यादित ठरते. ते काढण्यासाठी एस-एन रेषेचे एक टोक हजार आवर्तनांशी ताणबलाच्या ०.९ पट, म्हणजे ५७६ मेगापास्कलवर धरतात. दुसरे टोक दहा लाख आवर्तनांशी १७७ वर असते.

```
b = −(1/3) log10(576/177) ≈ −0.171
N = 10^6 × (198/177)^(1/b) ≈ 5.2 × 10^5
```

सव्वापाच लाखांच्या आसपास आवर्तने म्हणजे मिनिटाला १४४० फेऱ्यांनी अवघे सहा तास. तिप्पट सुरक्षित म्हटलेला शाफ्ट पहिली पाळी संपण्यापूर्वीच धोक्याच्या क्षेत्रात येतो. अर्थात हा आकडा प्रत्यक्षात शाफ्ट केव्हा तुटेल याचे भाकीत नव्हे. विश्वासार्हतेच्या गुणकामुळे तो शंभरांतील सर्वांत कमकुवत शाफ्टच्या बाजूचा आहे. बहुतेक शाफ्ट याहून बरेच अधिक टिकतील.

दुरुस्तीच्या पद्धतींतील मतभेद

याच आकड्यांना गर्बरचे सूत्र लावले, तर निष्कर्ष पालटतो. गर्बरने १८७४ मध्ये सरळ रेषेऐवजी परवलय सुचवले होते. त्यात माध्य प्रतिबलाचे ताणबलाशी असलेले गुणोत्तर वर्गाने येते. तेव्हा समतुल्य आयाम केवळ १६८ मेगापास्कल भरतो. तो सहनसीमेखाली असल्याने आयुष्य पुन्हा अमर्याद ठरते. तन्य पोलादांच्या प्रयोगांतील बिंदू बहुधा गर्बरच्या वक्राजवळ पडतात, तर गुडमनची रेषा त्यांच्या खालून जाते. म्हणून आरेखनात गुडमन आणि तुटलेल्या भागाच्या कारणमीमांसेत गर्बर, अशी विभागणी पुष्कळदा केली जाते.

पिळाच्या बाबतीत मतभेद आणखी खोल आहे. गुळगुळीत तन्य नमुन्यांवर स्थिर पिळाचा वाकण्याच्या सहनसीमेवर जवळजवळ परिणाम होत नाही, असे जॉर्ज साइन्स याने १९५० च्या दशकात प्रयोगांचा आढावा घेऊन दाखवले. पिळामुळे धातू कायमचा वळत नसेल तरच हे लागू पडते. खाच असलेल्या शाफ्टला ही सवलत निर्धास्तपणे देता येत नाही, कारण खाचेच्या तळाशी प्रतिबलाची अवस्था गुळगुळीत नमुन्यासारखी राहत नाही. वरील शाफ्टमध्ये पायरी आहे, त्यामुळे गुडमनची सावध बाजू घेणे येथे योग्य ठरते.

एवढ्या मोठ्या तफावतीचे मूळ सूत्रांत जितके आहे तितकेच रेषेच्या उतारातही आहे. आयुष्य प्रतिबलाच्या जवळपास सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. प्रतिबल दहा टक्क्यांनी वाढले तर आयुष्य सुमारे सत्तावन्न टक्के उरते, आणि वक्राच्या वळणाशी तेवढाच फरक काही तासांना अमर्याद करून टाकतो. म्हणून या भागात आयुष्याचा आकडा काटेकोरपणे काढत बसण्यापेक्षा शाफ्ट वळणापासून दूर नेणे हिताचे असते. सर्व मापे त्याच प्रमाणात वाढवून व्यास ४५ मिमी केला, तर आयाम ११४ आणि माध्य ८१ मेगापास्कलवर येते. सहनसीमा १७५ राहते. गुडमनच्या रेषेवर आता सुमारे १.३ चा सुरक्षा गुणक मिळतो. केवळ गोलाई २ वरून ३ मिमी केल्यास समतुल्य आयाम सुमारे १८५ पर्यंतच उतरतो, म्हणजे सीमेच्या वरच राहतो. शिवाय बेअरिंगच्या कोपऱ्याची गोलाई शाफ्टच्या गोलाईपेक्षा मोठी नसेल, तर बेअरिंग पायरीला टेकतच नाही.

पद्धतीच्या मर्यादा

सहनसीमा हा धातूचा अढळ गुण नाही. खारट किंवा दमट हवेत गंज चढत असेल तर आडवी रेषा नाहीशी होते आणि वक्र खाली उतरत जातो. दाबून बसवलेल्या चाकाच्या किंवा बेअरिंगच्या कडेखाली होणाऱ्या सूक्ष्म घर्षणानेही सहनसीमा मोठ्या प्रमाणात घटते. अशा ठिकाणी पायरी नसतानाही तडा सुरू होतो. उच्च ताणबलाच्या पोलादांत एक कोटी आवर्तनांपलीकडेही आतील अधातवीय कणांपासून तडे गेल्याचे आढळले आहे, त्यामुळे त्यांच्यासाठी अमर्याद आयुष्य हा शब्दप्रयोग जपूनच करावा लागतो. एस-एन वक्र तडा पडणे आणि तो वाढणे यांत भेद करत नाही. त्यामुळे आधीच तडा असलेल्या शाफ्टला त्याचा उपयोग नाही. तेथे भंग यामिकीची पद्धत लागते.

तुटलेला शाफ्ट शिणवट्याने गेला की एकाच जबर भाराने, हे तुटलेल्या तोंडावरून बहुधा ओळखता येते. शिणवट्याचा भाग गुळगुळीत असतो आणि त्यावर ओहोटीनंतर वाळूत राहणाऱ्या रेषांसारख्या वक्र खुणा दिसतात. उरलेला, शेवटी एकदम तुटलेला भाग खरखरीत असतो. हा खरखरीत भाग लहान असेल, तर शाफ्टवरचे सर्वसाधारण प्रतिबल कमी होते आणि तड्याने जवळजवळ सारा छेद पोखरला होता असे समजते. तो मोठा असेल तर भारच जास्त होता. परिघावर अनेक ठिकाणी तडे सुरू होऊन त्यांच्यामध्ये करवतीच्या दात्यांसारख्या पायऱ्या राहिल्या असतील, तर दोष बहुधा एखाद्या ओरखड्याचा नसून सभोवार असलेल्या तीक्ष्ण कोपऱ्याचा असतो.