रोमन अंकांत रूपांतर

दैनंदिन वापरातील दशमान संख्या I, V, X, L, C, D व M या सात अक्षरांनी लिहिण्याच्या कृतीस रोमन अंकांत रूपांतर असे म्हणतात. या अक्षरांची मूल्ये अनुक्रमे १, ५, १०, ५०, १००, ५०० व १००० आहेत. ग्रंथांच्या प्रास्ताविक भागाचे पृष्ठक्रमांक, आराखड्यातील मथळे आणि घड्याळाची तबकडी यांत हे अंक आजही आढळतात. तिन्ही ठिकाणचे संकेत मात्र एकसारखे नाहीत.

पद्धत

संख्या एकक, दशक, शतक अशा स्थानांत फोडावी, प्रत्येक स्थानाचे रूपांतर स्वतंत्रपणे करावे आणि मोठ्या स्थानापासून ते तुकडे जोडावेत. एककस्थानी १ ते ९ साठी I, II, III, IV, V, VI, VII, VIII, IX ही रूपे येतात. दशकस्थानी हाच साचा X, L, C या अक्षरांनी, तर शतकस्थानी C, D, M या अक्षरांनी भरला जातो. शून्यासाठी चिन्ह नसल्याने ते स्थान सोडून द्यावयाचे असते.

उदाहरणार्थ, ४९ म्हणजे ४० + ९. चाळिसासाठी XL व नवासाठी IX, म्हणून उत्तर XLIX. पन्नासातून एक वजा करून IL लिहिणे ही नेहमीची चूक होय. प्रमाण लेखनात I हे अक्षर केवळ V व X यांच्या आधी, X हे L व C यांच्या आधी आणि C हे D व M यांच्या आधीच वजा होते. स्थानवार फोड केल्यास ही चूक संभवतच नाही. पडताळ्यासाठी डावीकडून वाचत जावे: लहान अक्षर मोठ्याच्या आधी आले तर वजाबाकी, अन्यथा बेरीज. XLIX मध्ये ५० − १० = ४० आणि १० − १ = ९, एकूण ४९.

एकच चिन्ह लागोपाठ तीनपेक्षा अधिक वेळा येत नाही. त्यामुळे या सात अक्षरांत ३९९९ (MMMCMXCIX) ही सर्वांत मोठी संख्या लिहिता येते. एक्सेलमध्ये `=ROMAN(499)` हे सूत्र CDXCIX असे प्रमाण उत्तर देते. परंतु `=ROMAN(499,4)` लिहिल्यास संक्षिप्त रूप म्हणून ID मिळते. छपाईसाठी दुसरे रूप वापरू नये.

प्रास्ताविक पृष्ठे

इंग्रजी ग्रंथांत अर्पणपत्रिका, अनुक्रमणिका, प्रस्तावना इत्यादी पृष्ठांना लहान लिपीतील रोमन क्रमांक (i, ii, iii) देतात व मुख्य मजकूर पुन्हा १ पासून सुरू होतो. यामागील कारण व्यावहारिक आहे. प्रस्तावना बहुधा सर्वांत शेवटी हाती येते. तिची पाने वाढली तरी मुख्य मजकुराचे क्रमांक आणि त्यांवर आधारलेली सूची बदलावी लागत नाही. मुखपृष्ठामागील पाने मोजली जातात, पण त्यांवर क्रमांक छापत नाहीत. म्हणून पहिला दिसणारा क्रमांक पुष्कळदा v किंवा vii असतो. अनेक मराठी ग्रंथांत याच कामासाठी ‘एक, दोन, तीन’ असे अक्षरी क्रमांक दिलेले आढळतात, आणि मराठी वाचकास ते अधिक सुगम वाटतात.

वर्डमध्ये दोन क्रमपद्धती हव्या असल्यास केवळ नवे पान सुरू करून भागत नाही. दोन्ही भागांमध्ये विभागखंड (सेक्शन ब्रेक) घालावा लागतो व दुसऱ्या भागात क्रमांक १ पासून सुरू करण्याचा पर्याय निवडावा लागतो. अनुक्रमणिकेत क्रमांकाच्या स्तंभास पुरेशी रुंदीही ठेवावी, कारण शंभराच्या आत ८८ हीच संख्या सर्वांत लांब होते: lxxxviii.

आराखड्यातील मथळे

येथे I, A, 1, a, i असा उतरता क्रम रूढ आहे. पाचव्या पातळीवरील i आणि चौथ्या पातळीवरील h नंतरचा i सारखेच दिसतात, म्हणून पातळीनुसार समास वाढवणे आवश्यक ठरते. अशा मथळ्यांची संगणकावर वर्णानुक्रमे मांडणी केल्यास IX हा V च्या आधी येतो; मांडणी साध्या अंकांवरूनच करावी.

घड्याळाची तबकडी

अनेक तबकड्यांवर चारसाठी IV ऐवजी IIII असते. हा मुद्रणदोष नव्हे. याची निश्चित व्युत्पत्ती सांगणाऱ्या आख्यायिका अनेक असल्या, तरी दृश्य परिणाम स्पष्ट आहे: समोरच्या VIII शी IIII चा तोल साधतो, आणि पहिल्या चार तासांत केवळ I, पुढील चारांत V व अखेरच्या चारांत X येतो. अंकांचे पाय केंद्राकडे असल्याने खालील भागातील अंक उलटे दिसतात. तेथे IV व VI यांची गल्लत होण्याचा संभवही IIII मुळे टळतो. लंडनमधील वेस्टमिन्स्टरच्या मोठ्या घड्याळावर मात्र IV हेच रूप आहे. नऊसाठी सर्वसाधारणपणे IX च लिहितात. तबकडीची अक्षरे सूत्राने तयार केली असल्यास, IIII हवे असेल तेथे चारचा अंक हाताने बदलावा लागतो.