लेसर शलाकेचे अपसरण

लेसरमधून निघालेली शलाका पुढे जाताना विवर्तनामुळे रुंदावत जाते, त्यास शलाकेचे अपसरण म्हणतात. हा उपकरणाच्या जुळणीतील दोष नव्हे. प्रकाश तरंगरूप असल्यामुळे मर्यादित रुंदीची कोणतीही शलाका कायम समांतर राहू शकत नाही.

शलाका जेथे सर्वांत अरुंद असते त्या जागेस कटी म्हणतात. तीव्रता मध्यावरच्या सुमारे 13.5 टक्क्यांवर येते तेथपर्यंतचे अंतर ही शलाकेची त्रिज्या धरतात. कटीची त्रिज्या w₀ आणि तरंगलांबी λ असल्यास अक्षापासून एका बाजूचा अपसरण कोन रेडियनमध्ये θ = λ/(πw₀) असतो. म्हणजे कटी जितकी अरुंद, तितका पसारा अधिक. हे सूत्र आदर्श (गाउसीय) शलाकेचे आहे. प्रत्यक्षातील शलाका याहून अधिकच पसरते.

कटीच्या जवळ मात्र रुंदी फारशी बदलत नाही. πw₀²/λ या अंतरावर (रॅली अंतर) त्रिज्या सुमारे 1.4 पट होते, आणि त्याच्या बरेच पलीकडे गेल्यावरच ती अंतराच्या प्रमाणात वाढू लागते. प्रयोगशाळेतील हीलियम-निऑन लेसरची (632.8 नॅनोमीटर) कटी 0.5 मिमी त्रिज्येची असेल, तर रॅली अंतर सुमारे 1.24 मीटर आणि कोन 0.4 मिलिरेडियन येतो. टेबलावर ही शलाका सरळ रेघेसारखी दिसते, पण 100 मीटरवर तिचा ठिपका 8 सेंमी व्यासाचा होतो. टेबलावरच्या दोन मापांतून कोन काढल्यास तो फसवा, कमी येतो. f नाभीय अंतराच्या भिंगाने शलाका एकत्र आणून नाभीप्रतलातील ठिपक्याची त्रिज्या मोजावी. ती fθ एवढी असते.

हीच शलाका चंद्रावर (सरासरी 3,84,400 किमी) पोहोचल्यास ठिपका सुमारे 310 किमी व्यासाचा होईल. म्हणून चंद्राचे अंतर मोजताना शलाका आधी दूरदर्शकातून रुंद करतात. न्यू मेक्सिकोतील अपाची पॉइंट वेधशाळेत यासाठी 3.5 मीटरचा दूरदर्शक व 532 नॅनोमीटरचा हिरवा लेसर वापरला जातो. कटी 1 मीटर त्रिज्येची धरली, तर सूत्रानुसार चंद्रावर सुमारे 130 मीटर व्यासाचा ठिपका पडावा. तसे घडत नाही. वातावरणातील खळबळ शलाकेला साधारण 1 विकलेइतकी (अंशाचा 3,600वा भाग) पसरवते आणि ठिपका जवळजवळ 2 किमीचा होतो. त्यामुळे जमिनीवरून आरसा आणखी मोठा करून ठिपका लहान होत नाही.

परतीच्या प्रवासात विवर्तन पुन्हा आड येते. ‘अपोलो 11’च्या अंतराळवीरांनी 1969 मध्ये ठेवलेल्या परावर्तकात 3.8 सेंमी व्यासाचे 100 लोलक आहेत. प्रत्येक लोलक एवढ्याशा छिद्रासारखा वागतो, म्हणून पृथ्वीवर परतणारा ठिपका दहा किलोमीटरहून मोठा असतो. दोन्ही वेळच्या पसरण्यामुळे एका स्पंदातील सुमारे 10¹⁷ फोटॉनांपैकी सरासरी एखादाच फोटॉन दूरदर्शकात नोंदला जातो.