गतिक प्रकाश प्रकीर्णन

गतिक प्रकाश प्रकीर्णन ही द्रवात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा आकार मोजण्याची प्रकाशीय पद्धत आहे. प्रयोगशाळांत ती ‘डायनॅमिक लाइट स्कॅटरिंग’ किंवा ‘डीएलएस’ या नावाने ओळखली जाते. सुमारे एक नॅनोमीटरपासून काही मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांसाठी, म्हणजे प्रथिने, लिपोसोम, लेटेक्स, सोन्याचे नॅनोकण इत्यादींसाठी तिचा उपयोग होतो. मोजणीअखेर उपकरण प्रामुख्याने दोन संख्या देते. पहिली सरासरी व्यास (Z-average) आणि दुसरी बहुविकीर्णता निर्देशांक (PDI). कण किती एकसारख्या आकाराचे आहेत, हे दुसऱ्या संख्येवरून समजते. या दोन्ही संख्या मोजक्या मोठ्या कणांमुळे मोठ्या प्रमाणावर बदलू शकतात. म्हणून नमुना गाळणे हा मोजणीचाच भाग मानला जातो.

## तत्त्व

द्रवातील कण रेणूंच्या धक्क्यांमुळे सतत अनियमितपणे हलत असतात. या हालचालीस ब्राउनीय गती म्हणतात. लहान कण वेगाने, तर मोठे कण संथपणे हलतात. नमुन्यावर लेसर किरण टाकला असता कणांनी विखुरलेल्या प्रकाशाची तीव्रता या हालचालीमुळे क्षणोक्षणी कमीजास्त होते. हे चढउतार किती लवकर आपली पूर्वस्थिती ‘विसरतात’, हे सहसंबंध फलनाच्या आलेखावरून कळते. त्यावरून विसरण गुणांक `D` काढतात आणि स्टोक्स-आइन्स्टाइन समीकरणाने व्यास `d` मिळवतात.

```
D = kT / (3πηd)
```

येथे `k` हा बोल्ट्झमन स्थिरांक, `T` हे निरपेक्ष तापमान आणि `η` ही द्रवाची श्यानता आहे. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात १०० नॅनोमीटर व्यासाच्या गोल कणाचा विसरण गुणांक सुमारे ४.९ × १०⁻¹² चौरस मीटर प्रतिसेकंद येतो. १० नॅनोमीटरच्या कणाचा त्याच्या दहापट असतो. मिळणारा व्यास हा ‘जलगतिक’ व्यास असतो. कणाला चिकटून त्याच्यासह हलणारा द्रवाचा थर त्यात धरला जातो. त्यामुळे तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या व्यासापेक्षा बहुधा थोडा अधिक भरतो.

## मोठ्या कणांचा प्रभाव

प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बऱ्याच लहान असलेल्या कणाने विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात वाढतो. या रॅले नियमानुसार १०० नॅनोमीटरचा एक कण त्याच पदार्थाच्या १० नॅनोमीटरच्या दहा लाख कणांइतका प्रकाश विखुरतो. उपकरण कण मोजत नाही, त्यांच्याकडून येणारा प्रकाश मोजते. म्हणून हवेतील धूळ, क्युव्हेटमधील कचरा किंवा प्रथिनांचे थोडेसे पुंजकेही निकालावर आपली छाप पाडतात.

## नमुना गाळणे

नमुना प्रथम सिरिंज फिल्टरमधून गाळतात. फिल्टरची छिद्रे अपेक्षित सर्वांत मोठ्या कणापेक्षा किमान तिप्पट रुंद असावीत, हा व्यवहारातील ढोबळ नियम आहे. प्रथिनांच्या द्रावणासाठी ०.१ किंवा ०.२२ मायक्रोमीटरची छिद्रे सोयीची असतात. १५० नॅनोमीटरचे लिपोसोम मात्र ०.२२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळू नयेत. त्यातील मोठे कण अडकतात, तर काही दाबाखाली फुटून लहान होऊन बाहेर पडतात. मग निकाल सुबक दिसतो, पण तो मूळ नमुन्याचा राहत नाही. अशा वेळी केवळ पातळ करण्याचे द्रावण गाळून घेतात, नमुना तसाच ठेवतात.

कोऱ्या फिल्टरमधूनही सुरुवातीला काही कण व रसायने सुटतात, म्हणून गाळलेल्या द्रवाचे पहिले काही थेंब टाकून देतात. क्युव्हेट गाळलेल्या द्रवानेच विसळतात आणि बुडबुडे निघून जाण्यासाठी थोडा वेळ देतात. प्रथिने काही प्रकारच्या पटलांना चिकटतात. त्यामुळे गाळण्यापूर्वी आणि गाळल्यानंतर प्रथिनाची संहती अतिनील प्रकाशाच्या शोषणावरून तपासणे आवश्यक असते. संहती घटली असेल, तर फिल्टरने धुळीबरोबर नमुनाही काढून घेतला, असे समजावे.

## बहुविकीर्णता निर्देशांकाचा अर्थ

सहसंबंध फलन ओसरण्याच्या सरासरी दराला `Γ` आणि त्या दराच्या विचरणाला `μ₂` म्हटले, तर निर्देशांक पुढीलप्रमाणे असतो.

```
PDI = μ₂ / Γ²
```

आकार एकाच शिखराभोवती अरुंद पसरलेले असतील, तर निर्देशांकाचे वर्गमूळ हे सरासरीच्या तुलनेतील प्रमाण विचलन ढोबळपणे दर्शविते. सरासरी १०० नॅनोमीटर आणि निर्देशांक ०.०४ असेल, तर विचलन सुमारे २० नॅनोमीटर असते. ०.०५ पेक्षा कमी मूल्य सहसा मापनासाठी खास तयार केलेल्या लेटेक्स कणांत आढळते. ०.१ पर्यंतचा नमुना एकसारखा समजतात. ०.७ च्या पुढे मात्र पसारा इतका मोठा असतो की सरासरी व्यासाला फारसा अर्थ उरत नाही. बहुवारिकांच्या अभ्यासात रेणुभारांचे गुणोत्तर म्हणून वापरला जाणारा, कधीही १ पेक्षा कमी न होणारा निर्देशांक वेगळा आहे. त्याच्याशी याची गल्लत करू नये.

## उदाहरण

समजा, एका द्रावणात १० नॅनोमीटरचे प्रथिनकण आणि त्यांचे १०० नॅनोमीटरचे पुंजके आहेत. पुंजक्यांकडून येणारा प्रकाश एकूण प्रकाशाच्या १० टक्के असेल, तर सरासरी व्यास सुमारे ११ नॅनोमीटर आणि निर्देशांक सुमारे ०.०९ येतो. या निकालावरून नमुना निर्दोष वाटतो. हाच वाटा ५० टक्के झाला, तर सरासरी सुमारे १८ नॅनोमीटर आणि निर्देशांक सुमारे ०.६७ होतो. नमुन्यात १८ नॅनोमीटरचा एकही कण नसतो. रॅले नियमानुसार पाहिले, तर या दुसऱ्या स्थितीतही पुंजक्यांचे प्रमाण दहा लाख प्रथिनकणांमागे एक, म्हणजे वजनाने ०.१ टक्का इतकेच असते.

आता हा दुसरा नमुना ०.२२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळून पुन्हा मोजला. निर्देशांक झपाट्याने उतरला, तर मूळ दोष धुळीचा किंवा मोठ्या कचऱ्याचा होता असा निष्कर्ष निघतो. तो जवळपास तसाच राहिला, तर अडथळा फिल्टरच्या छिद्रांतून पार होणाऱ्या पुंजक्यांचा, म्हणजे नमुन्याच्याच घटकाचा असतो. गाळलेला नमुना काही तासांनी पुन्हा मोजावा; निर्देशांक वाढत गेला, तर प्रथिनांचे पुंजके नव्याने बनत आहेत, असे समजते. धूळ असल्यास सहसंबंध फलनाच्या आलेखाचे शेपूट तळाशी स्थिरावत नाही आणि लागोपाठच्या मोजण्या एकमेकींशी जुळत नाहीत.

## मर्यादा

निर्देशांक कमी आहे, एवढ्यावरून नमुन्यात एकच प्रकारचा कण आहे, असे म्हणता येत नाही. व्यासांचे गुणोत्तर सुमारे तीनपटीहून कमी असेल, तर ही पद्धत दोन गट वेगळे दाखवू शकत नाही. प्रथिनाचा एकल रेणू आणि त्याची जोडी बहुधा एकाच शिखरात मिसळतात. तसेच प्रकाशतीव्रतेवरून कणसंख्येचे वितरण काढताना सहाव्या घाताचा व्यस्त उपयोग होतो, त्यामुळे मापनातील किरकोळ त्रुटी कित्येक पटींनी वाढते. निकाल नोंदवताना सरासरी व्यास व निर्देशांकाबरोबर तापमान, द्रव, फिल्टरच्या छिद्रांचा आकार आणि नमुना गाळला की नाही, हेही लिहावे लागते. ‘११ नॅनोमीटर, ०.०९’ हा निकाल गाळलेल्या नमुन्याचा आहे की न गाळलेल्या, हे ठाऊक नसेल, तर त्यावरून नमुन्यातील पुंजक्यांविषयी काहीही ठरवता येत नाही.