डिझेलसंचय, जनित्राच्या टाकीतील
वीज क्वचितच खंडित होते अशा ठिकाणी जनित्राच्या टाकीतील डिझेल महिनोन्महिने पडून राहते, आणि टाकी अर्धवट भरलेली असल्यास हवानळीवाटे शिरलेल्या दमट हवेतील बाष्प रात्रीच्या गारव्याने पत्र्यावर द्रवरूप होऊन, डिझेलहून जड असल्यामुळे, तळाशी साचते. या दोन द्रवांच्या सीमेवर हॉर्मोकोनिस रेझिनी ही बुरशी व काही जीवाणू वाढतात. अन्न त्यांना डिझेलमधूनच मिळते, परंतु पाण्यावाचून त्यांचा निभाव लागत नाही. त्यांचा बुळबुळीत, काळपट थर गाळणी तुंबवितो आणि त्यांनी सोडलेली अम्ले पत्रा झिजवितात. भार येताच यंत्र दम तोडू लागले, तर पहिला संशय गाळणीचा घ्यावा.

मोजपट्टीच्या टोकास पाणीदर्शक लेप लावून ती तळापर्यंत सोडली असता, लेपाचा रंग जेथवर बदलतो तेथवर पाणी आहे असे समजावे. टाकी स्थिर ठेवून ते तळाच्या तोटीने, स्वच्छ डिझेल येईतो, काढून टाकणे हाच खरा इलाज. आयसोथायाझोलिनोन वर्गातील जंतुनाशक त्यानंतर, उत्पादकाने ठरविलेल्या मात्रेत व टाकीतील एकंदर डिझेलच्या हिशेबाने, मिसळावे. मात्र मेलेला थर विरघळत नाही, तर सुटून गाळणीतच येतो. सबब जादा गाळण्यांची तजवीज आधी करावी लागते, आणि थर जाड असल्यास टाकी रिकामी करून धुण्यावाचून गत्यंतर नसते.